चाळीस मुलं, छत्तीस उत्तरं

बी.एड. केलेल्या कोणालाही फ्लँडर्स हे नाव विचारून पाहा. दहा वर्गवाऱ्या, दर तीन सेकंदांनी एक नोंद, शेवटी दहा बाय दहाचा तक्ता आणि परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, एवढं तरी आठवतंच. नेड फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाची ही पद्धत. निरीक्षकाने वर्गात बसायचं आणि दर तीन सेकंदांनी काय चाललंय ते एका आकड्यात लिहायचं. शिक्षक प्रश्न विचारत असतील तर ४, माहिती सांगत असतील तर ५, विद्यार्थी उत्तर देत असेल तर ८, तो आपणहून बोलला तर ९, शांतता किंवा गोंधळ असेल तर १०. अशा नोंदींवरून फ्लँडर्सने दोन-तृतीयांशाचा नियम मांडला. वर्गातला दोन-तृतीयांश वेळ कुणी ना कुणी बोलत असतं, त्यातला दोन-तृतीयांश वेळ शिक्षक बोलतात, आणि शिक्षकांच्या बोलण्यातला दोन-तृतीयांश भाग सांगण्यात, सूचना देण्यात आणि रागावण्यात जातो.

मात्र तो ८ नेमका कोणाचा, हे फ्लँडर्सच्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. एकच हुशार मुलगी अख्खा तास उत्तरं देत राहिली काय आणि सगळा वर्ग पाळीपाळीने बोलला काय, तक्त्यात दोन्ही तास सारखे दिसू शकतात. ‘विद्यार्थ्यांचा सहभाग तीस टक्के’ असा निष्कर्ष निघतो आणि छात्राध्यापक खूश होतो. ते तीस टक्के चार जणांचे आहेत की पस्तीस जणांचे, हे विचारायची सोयच नाही.

या पद्धतीतून आणखी एक गोष्ट निसटते. मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासून १९७४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात, हे तिने मोजलं, तेव्हा सरासरी जेमतेम एक सेकंद निघाली. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्याकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकत. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहण्याचं प्रमाण घटलं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्यांना शिक्षक हुशार समजतात त्यांच्यासाठी ते इतरांच्या जवळजवळ दुप्पट थांबतात. आता तीन सेकंदांच्या मापाने एका सेकंदातली ही घडामोड कशी सापडणार? रो हिच्या हाती टेप होती, ती हवी तितक्या वेळा मागे नेता येत होती, म्हणून हे सापडलं. चालू तासात बसून लिहिणाऱ्याच्या हाती ते लागत नाही.

कोण बोललं आणि बोलायला किती सवड मिळाली, या दोन प्रश्नांसाठी तासाचं चित्रीकरण लागतं. रेमंड अॅडम्स आणि ब्रूस बिडल यांनी व्हिडिओटेपवरून वर्गांचा अभ्यास करून १९७० साली पुस्तक लिहिलं. बोलणारी मुलं प्रामुख्याने पहिल्या रांगेत आणि मधल्या पट्ट्यात बसलेली असतात, हे त्यात नकाशावर दिसलं. अलीकडे डॅनियल राइनहोल्झ आणि निरल शाह यांनी २०१८ च्या सुमारास ‘इक्विप’ नावाचं मोफत साधन पुढे आणलं. त्यात प्रत्येक बोलण्यापुढे बोलणाऱ्याची ओळख, प्रश्नाची जात, उत्तराची लांबी, थांबलेला वेळ अशा नोंदी होतात आणि कोणत्या गटाच्या वाट्याला किती बोलणं आलं, याचा हिशेब निघतो. खरं तर त्यासाठी खास साधन असायलाच हवं असं नाही. मोबाइल, वर्गाचा नकाशा आणि एक्सेलचा साधा तक्ता एवढ्यावर काम भागतं. अवघड आहे ते नोंदी प्रामाणिकपणे करणं.

सुरुवात कॅमेरा कुठे ठेवायचा इथून होते. बहुतेक जण तो मागच्या भिंतीला लावतात, कारण शिक्षक छान दिसतात. मग मिळतो तो शिक्षकांचा चेहरा आणि चाळीस डोक्यांच्या मागच्या बाजू. आपल्याला तर मुलांचे हात आणि ओठ बघायचे आहेत. म्हणून कॅमेरा फळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, खिडकीचा उजेड त्याच्या पाठीशी येईल असा, डोक्याहून उंच ठेवायचा. खालून घेतलेल्या चित्रात पहिला बाक बाकीच्यांना झाकून टाकतो.

आवाजाची अडचण याहून मोठी. पुढे ठेवलेल्या मोबाइलमध्ये शिक्षक आणि पहिले दोन बाक स्पष्ट ऐकू येतात. चौथ्या बाकावरची मुलगी हळू आवाजात बोलली, तर पंख्याच्या घरघरीत तिचं उत्तर हरवतं, आणि नोंद करणारा ‘ऐकू आलं नाही’ म्हणून पुढे जातो. ही चूक साधी नाही, कारण मागच्यांचा आणि हळू बोलणाऱ्यांचा सहभाग कमी आहे का, हेच तर आपण मोजायला बसलोय आणि आपलं यंत्रच त्यांचा सहभाग कमी दाखवतंय. उपाय सोपा आहे. मागच्या बाकावर दुसरा मोबाइल नुसत्या आवाजासाठी ठेवायचा आणि सुरुवातीला एक जोरदार टाळी वाजवायची. दोन्ही मुद्रणांत ती टाळी सापडली की वेळ जुळवता येते. पहिल्या दिवशीचं चित्रीकरण मोजायला घेऊ नये. त्या दिवशी मुलं कॅमेऱ्याकडे बघतात आणि गुरुजी प्रमाणभाषेत बोलतात.

पालकांची लेखी संमती आधीच घ्यायची. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. तक्त्यात मुलांची नावं लिहायची नाहीत. बाकाच्या नकाशावरून क१, क२, ख१ अशी खूण द्यायची. आणि ती फीत केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाता कामा नये, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतोय.

आता नोंद. मोजण्याचं एकक म्हणजे एक पाळी. एका मुलाने बोलायला सुरुवात केल्यापासून दुसरं कुणी बोलेपर्यंतचं बोलणं ही एक पाळी, मग ते ‘हो’ असो की चार वाक्यं. प्रत्येक पाळीला तक्त्यात एक ओळ. ओळीत वेळ, बोलणाऱ्याची खूण, पाळी कशी मिळाली, प्रश्न कसला होता, शिक्षक किती थांबले आणि उत्तर किती शब्दांचं होतं. पाळी मिळण्याचे मार्ग मुख्यतः तीन. हात वर केला आणि सरांनी नाव घेतलं, हात नसताना सरांनी विचारलं, किंवा कुणीही न विचारता उत्तर फेकलं.

आपल्या वर्गांत याहून एक वेगळा प्रकार सर्रास चालतो आणि परदेशी पुस्तकांतल्या उदाहरणांत तो क्वचितच असतो. बाई म्हणतात, “म्हणजे समोरासमोरचे कोन कसे असतात? एकरू...” आणि सगळा वर्ग म्हणतो, “...ऽऽप!” अर्धा शब्द बाईंचा, अर्धा मुलांचा. “समजलं का?” “होऽऽ!” हाही त्यातलाच. ही समूहउत्तरं चाळीस जणांच्या नावावर प्रत्येकी एक अशी टाकली, तर सगळा वर्ग सहभागी दिसतो आणि मोजणीच निकामी होते. त्यांना वेगळा रकाना द्यायचा आणि वैयक्तिक पाळ्यांत मिसळायचं नाही. चित्र थांबवून ओठ बघितले तर मजा कळते. पुढची पाचसहा मुलं आधी तोंड उघडतात, मधली त्यांचं ऐकून अर्ध्या सेकंदाने सामील होतात आणि मागच्या काहींचे ओठ हलतच नाहीत. शिक्षकाच्या कानाला मात्र तो एकच दणदणीत होकार असतो. माझ्या मते आपल्याकडच्या शिक्षक-प्रशिक्षणाने दुसरं काही मोजलं नाही तरी हे एक मोजावं.

हिशेब कसा चालतो ते कळावं म्हणून एक काल्पनिक तास घेऊ. इयत्ता सातवी, गणित, पस्तीस मिनिटं, पट ४०, त्यात मुलगे २४ आणि मुली १६. शिक्षकांनी ६० प्रश्न विचारले. त्यातल्या २२ प्रश्नांना सगळ्या वर्गाने एकत्र उत्तर दिलं, ५ प्रश्नांची उत्तरं सरांनी स्वतःच दिली आणि ३३ प्रश्नांना एकेका मुलाने उत्तर दिलं. याखेरीज तीन मुलग्यांनी आपणहून शंका विचारल्या. म्हणजे वैयक्तिक पाळ्या ३६ झाल्या.

त्या ३६ पैकी २७ मुलग्यांच्या आणि ९ मुलींच्या. पटात मुली ४० टक्के आहेत, म्हणजे समसमान वाटणी झाली असती तर त्यांच्या वाट्याला १४.४ पाळ्या आल्या असत्या. प्रत्यक्ष ९ ला १४.४ ने भागलं की गुणोत्तर येतं ०.६३. मुलग्यांचं तसंच काढलं तर १.२५. एक म्हणजे पटाप्रमाणे वाटा, त्याखाली कमी, त्यावर जास्त.

इथे थांबणारे पुष्कळ. ‘मुलींचा सहभाग ०.६३’ असं लिहून अहवाल बंद होतो. खूण पाहून मोजणी केली, एक्सेलमध्ये `=COUNTIF(B:B,"क२")` असं प्रत्येक खुणेसाठी विचारलं, की निराळंच चित्र समोर येतं. त्या नऊ पाळ्या दोनच मुलींच्या आहेत, एकीच्या पाच आणि दुसरीच्या चार. दोघीही पहिल्या बाकावरच्या. बाकीच्या १४ मुली एकदाही बोललेल्या नाहीत. मुलग्यांतही ११ जण बोलले आणि १३ गप्प राहिले. म्हणजे ४० पैकी २७ मुलांनी त्या तासात स्वतःचं म्हणून एक अक्षर उच्चारलं नाही, आणि सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या चौघांनी ३६ पैकी २० पाळ्या घेतल्या. गटाची सरासरी बरी दिसत असताना गटातली बहुतेक माणसं शून्यावर असू शकतात. म्हणून गटाचं गुणोत्तर आणि गप्प राहिलेल्यांची संख्या हे दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी ठेवावेत.

आता कारण शोधायचं. सर म्हणणार, “मी मुलींना मुद्दाम विचारतो.” ते खोटं बोलत नाहीत. पाळी कशी मिळाली तो रकाना बघू. एकेकट्याने दिलेल्या ३३ उत्तरांपैकी २० हात वर करून, ४ सरांनी स्वतः निवडून आणि ९ नुसती फेकलेली. फेकलेली नऊच्या नऊ मुलग्यांची. ती बाजूला काढली तर उरतात २४, त्यांत मुली ९, म्हणजे साडेसदतीस टक्के. पटातल्या ४० टक्क्यांच्या अगदी जवळ. निवड करताना सर जवळपास समान वागतात हे यावरून दिसतं. गळती होते ती फेकलेली उत्तरं ते मान्य करतात तिथे. त्या नऊ प्रश्नांपुढे थांबण्याचा वेळ पाहिला तर प्रत्येक ठिकाणी एका सेकंदाच्या आत. प्रश्न संपतो न संपतो तोच रोहिणीच्या बाकावरून काय, कुठूनही हात वर यायच्या आधी खिडकीजवळचा मुलगा “बेचाळीस!” म्हणतो, सर “बरोबर” म्हणून फळ्याकडे वळतात. ज्या मुलीने बेरीज अर्ध्यावर आणली होती तिचा हात वर जाण्याचं कारणच उरत नाही. रो हिचा सेकंद आणि पाळ्यांची वाटणी हे दोन वेगळे विषय नाहीत, हे या एका रकान्यात दिसतं.

आणि मुलींच्या नऊ पाळ्या दोघींनाच का? सर निवडतात तेव्हा नजर पहिल्या बाकावर जाते, अॅडम्स आणि बिडल यांच्या नकाशासारखीच. ‘मी मुलींना विचारतो’ हे खरंच आहे, फक्त त्या मुली दोन आहेत.

प्रश्नांच्या जातीबाबत जरा हात आखडता घ्यावा लागतो. समजा ३३ पैकी ७ प्रश्न ‘कसं काढलंस, का बरं असं’ या जातीचे होते आणि त्यातला एकच मुलीला आला. ‘अवघड प्रश्न मुलांना, सोपे मुलींना’ असा मथळा देण्याचा मोह होतो. पण एकट्याने उत्तर दिलेल्या प्रश्नांत मुलींचा वाटा पाहता सातपैकी दोन अपेक्षित होते, आले एक. एका प्रश्नाच्या फरकावर काहीही सिद्ध होत नाही. मघाचं ०.६३ सुद्धा पाच पाळ्या इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर ०.९७ झालं असतं. म्हणून एका तासावरून शिक्षकाबद्दल मत बनवू नये. निरनिराळ्या घटकांचे निदान चार-पाच तास मोजावेत. भूमितीचा नवा घटक आणि उजळणीचा तास यांची तुलना तर करूच नये.

नोंद करणाऱ्याचीही परीक्षा घ्यावी लागते. एकाच फितीचा दहा मिनिटांचा तुकडा दोघांनी वेगवेगळा नोंदवायचा आणि ताडून बघायचा. दोघांचं नव्वद टक्के जुळलं की समाधान वाटतं, पण तेही तपासून घ्यावं. शंभरातले ८५ प्रश्न साध्या माहितीचेच असतील आणि दोघेही डोळे मिटून तेवढ्याच प्रमाणात ‘माहिती’ लिहीत सुटले, तरी योगायोगाने सुमारे ७५ टक्के जुळतंच. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवलेलं कॅपा हे माप हा योगायोग वजा करतं. इथे नव्वद टक्क्यांचा कॅपा जेमतेम ०.६१ येतो. म्हणजे जमेल असं, पण निश्चिंत व्हावं असं नाही. भांडण बहुधा एकाच जागी होतं. “हे त्रिकोण एकरूप का आहेत?” हा विचाराचा प्रश्न की स्मरणाचा? त्याचं उत्तर कालच फळ्यावर लिहून दिलं असेल तर तो स्मरणाचा. फितीत काल दिसत नाही, त्यामुळे नोंद करणाऱ्याला वही मागून बघावी लागते.

शिक्षकांसमोर हे मांडताना क्रम महत्त्वाचा. आधी रिकामा नकाशा द्यायचा आणि विचारायचं, या तासात सगळ्यात जास्त कोण बोललं, कोण अजिबात बोललं नाही? त्यांनी खुणा केल्यावर मोजलेला नकाशा शेजारी ठेवायचा. जास्त बोलणारे ओळखता येतात, गप्प राहिलेल्यांच्या बाबतीत अंदाज चुकतात. एखादं शांत पण वही नीट ठेवणारं मूल शिक्षकांना ‘बोलणारं’ वाटून जातं. मग फितीतला दोन-तीन मिनिटांचा तुकडा बघायचा, शक्यतो फेकलेल्या उत्तराचा. अख्खी फीत दाखवली की माणूस आपला आवाज कसा लागतो आणि पोट किती सुटलंय हेच बघत बसतो.

आणि एका वेळी एकच बदल ठरवायचा. आपल्या काल्पनिक वर्गात तो उघड आहे. फेकलेलं उत्तर बरोबर असलं तरी त्यावर ‘बरोबर’ म्हणायचं नाही, मनात तीन आकडे मोजायचे आणि मग नाव घ्यायचं. कोणी खुणांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून काढतात. चिठ्ठीने वाटणी समान होते, पण तयारी नसलेल्या मुलाला अचानक उभं केलं तर ते दचकतं, म्हणून आधी शेजाऱ्याशी मिनिटभर बोलायला द्यावं. आश्रमशाळेत घरी पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांबाबत तर हे हवंच. तिथलं एका शब्दाचं उत्तर गणित न आल्याचं आहे की मराठी न सुचल्याचं, हे तक्ता सांगत नाही. गप्प मूल शिकत नाही असंही तक्ता सांगत नाही. तो फक्त पाळ्या मोजतो.

हाच आकडा वरिष्ठांच्या भेटीत गुणांसाठी मागितला गेला की काय होईल, याचा अंदाज करायला ज्योतिषी नको. शेवटच्या दहा मिनिटांत सर हजेरीच्या क्रमाने प्रत्येकाला “बरोबर ना?” विचारतील आणि गुणोत्तर बरोबर एक येईल. हे ओळखायच्या दोन खुणा तक्त्यातच आहेत. पाळ्या तासाच्या एकाच भागात दाटलेल्या असतात आणि उत्तरांचे शब्द एकावर आलेले असतात.

शब्दांचा तो रकाना प्रामाणिक वर्गातही बघावा लागतो. समजा त्याच सरांचा दीड महिन्यानंतरचा तास मोजला. वैयक्तिक पाळ्या तेवढ्याच, ३६. बोलणारी मुलं १३ वरून २२ झाली, त्यात मुली ९, आणि मुलींच्या एकूण पाळ्या १४. गुणोत्तर ०.९७. पण नव्याने बोललेल्या सात मुलींची उत्तरं एकेका, दोनदोन शब्दांची, आणि त्यांपैकी कोणालाही ‘कसं काढलंस’ असं विचारलेलं नाही. पुढच्या वेळी कॅमेरा लावताना मोजायचं ते हे, की उत्तर आल्यानंतर सर किती थांबतात. रो हिने तोही वेळ वेगळा मोजला होता. मूल “बेचाळीस” म्हणून थांबलं, सरही दोन-तीन सेकंद काही बोलले नाहीत, तर पुष्कळदा ते मूल स्वतःच “कारण...” म्हणून पुढचं वाक्य सुरू करतं.